प्रकल्प बंद झाला, हे टीमला सांगताना

*नाशिकच्या अंबड एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी प्रकल्प प्रमुख आहे. एका ग्राहकाच्या ब्रॅकेटसाठी नवी मशीनिंग लाइन उभी करतोय. मंजुरी ३ कोटी ४० लाखांची, खर्च झाले १ कोटी ३५ लाख, आणि १८ महिन्यांपैकी आठवा महिना चालू आहे. ग्राहकाने वर्षाची मागणी ६० हजार नगांवरून २२ हजारांवर आणली आणि व्यवस्थापनाने प्रकल्प बंद करायचं ठरवलं. टीमला पंधरवड्यात मी सांगायचं आहे. संचालक म्हणतात, "धोरणात्मक कारणांमुळे तूर्त थांबवत आहोत, असा दोन ओळींचा मेल शुक्रवारी संध्याकाळी टाका." सतरा माणसं आहेत: सात इंजिनिअर, एक खरेदीचा, टूलरूमचे चार कायम कामगार, तीन कंत्राटी, दोन अप्रेंटिस. पोरांनी दिवाळीतही काम केलंय. काय सांगू, कसं सांगू?*
*– एक प्रकल्प प्रमुख, अंबड*

पंधरवडा फार झाला. निर्णय झाल्यापासून टीमला कळेपर्यंत तीन-चार कामाच्या दिवसांपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. ही बातमी कुणी सांगून फुटत नाही, ती कामाच्या हालचालींतून फुटते. खरेदीतल्या माणसाला स्क्रीनवर पीओ अडकलेली दिसते. कंत्राटदाराला "एक तारखेपासून तीन माणसं कमी" असा फोन जातो. अकाउंट्सवाले प्रकल्पाचा कॉस्ट सेंटर बंद करतात, आणि टूलरूमचा माणूस इन्सर्ट घ्यायला स्टोअरच्या खिडकीवर गेला की त्याला ऐकायला मिळतं, "या नंबरवर आता माल निघत नाही." तिथून गेटबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत बातमी जायला दहा मिनिटं पुरतात, आणि तोवर तिला "सतरा जणांना घरी बसवणार" असं शेपूट फुटलेलं असतं.

तेव्हा संचालकांकडून आधी सांगायची तारीख पक्की करून घ्या, आणि त्या दुपारपर्यंत पीओ होल्ड, कॉस्ट सेंटर किंवा कंत्राटदाराचा फोन यातलं काहीही होणार नाही असा शब्द घ्या. मधल्या दिवसांत एखादी मोठी पीओ बाहेर पडणार असेल, तर खरेदी प्रमुखांनी ती सिस्टिममध्ये न अडवता स्वतःच्या टेबलावर दोन दिवस ठेवावी.

शुक्रवारची संध्याकाळ नको. त्या वेळी सांगितलं की माणूस शनिवार-रविवार प्रश्न घेऊन घरी बसतो आणि उत्तर द्यायला समोर कुणी नसतं. गुरुवारी सांगा. शुक्रवारचा पूर्ण दिवस तुम्ही शॉपवर दिसाल, लोक येऊन विचारतील, आणि पहिल्या धक्क्यानंतरचे खरे प्रश्न शुक्रवारीच येतात.

आता संचालकांचं वाक्य. त्यातला "तूर्त" हा शब्द सगळ्यात जास्त नुकसान करणारा आहे. प्रकल्प बंद झाला असेल तर "बंद" म्हणायचं. "तूर्त थांबवला", "होल्डवर आहे", "पुढे बघू" असं म्हटलं की माणसं अर्धी तिथेच राहतात. इंजिनिअर ड्रॉइंग उघडी ठेवतो, टूलरूमचा फिटर अर्धवट फिक्स्चर टेबलावरून उचलत नाही, आणि नव्या कामावर गेलेला माणूस तिथे मन लावत नाही, कारण त्याला वाटतं की दोन महिन्यांत परत बोलावतील. "तूर्त" म्हणायचं तर सोबत दोन गोष्टी हव्यात: कुठली गोष्ट घडली की प्रकल्प पुन्हा सुरू होईल, आणि ते कुठल्या तारखेला बघणार. उदाहरणार्थ, "३१ मार्चपर्यंत ग्राहकाने ३५ हजारांची लेखी मागणी दिली तर पुन्हा विचार." अशी अट आणि तारीख द्यायला व्यवस्थापन तयार नसेल, तर तो शब्द वापरू नये. संचालकांना हेच विचारा. बहुतेक वेळा त्यांच्या मनातही प्रकल्प बंदच झालेला असतो, फक्त तो शब्द जड वाटत असतो.

"धोरणात्मक कारणं" हे वाक्य वेगळ्या कारणाने चालणार नाही. तुमची माणसं मोजमाप करणारी आहेत. कारण कळलं नाही की ती स्वतः शोधतात, आणि सगळ्यात जवळचं कारण म्हणजे आपणच. कुणाला वाटेल तिसऱ्या फिक्स्चरची ट्रायल लांबली म्हणून, कुणाला वाटेल खर्च वाढला म्हणून. म्हणून कारण असं द्या की जे टीम स्वतः तपासू शकेल. तुमच्याकडे तसं कारण आहे.

गणित असं मांडता येतं. एका ब्रॅकेटमागे कच्चा माल, टूल आणि वीज जाऊन कारखान्याच्या हातात १७० रुपये राहतात असं धरू. लाइनवरच्या माणसांचा पगार आणि देखभाल मिळून वर्षाला १८ लाख धरू, आणि ग्राहकाचं मॉडेल पाच वर्षं चालेल असं समजू. हे तीन आकडे आम्ही धरलेले आहेत, त्यांच्या जागी तुमचे खरे घाला. मूळ मागणी ६० हजारांची होती तेव्हा वर्षाला १ कोटी २ लाख, त्यातून १८ लाख वजा, म्हणजे ८४ लाख राहत होते. पाच वर्षांत ४ कोटी २० लाख. ३ कोटी ४० लाख घालणं योग्यच होतं. हे टीमला स्पष्ट सांगा, कारण प्रकल्प सुरू करताना कुणाची चूक झाली नव्हती हे त्यातून दिसतं. आता २२ हजारांवर वर्षाला ३७ लाख ४० हजार, १८ लाख वजा जाता १९ लाख ४० हजार. पाच वर्षांत ९७ लाख. आणि लाइन पूर्ण करायला अजून २ कोटी ५ लाख घालावे लागतील.

हिशोबात १ कोटी ३५ लाख कुठेच आले नाहीत, ते लक्षात घ्या. ते पैसे लाइन पूर्ण केली तरी गेलेले आहेत आणि बंद केली तरी गेलेले आहेत. निर्णय पुढच्या २ कोटी ५ लाखांचा आहे. टीममधून नेमका हाच प्रश्न येणार: "साहेब, एवढा खर्च झालाय, आता सोडायचं कशाला?" त्याचं उत्तर वरच्या दोन आकड्यांत आहे, अजून २ कोटी ५ लाख टाकून ९७ लाख परत येणार. त्याच हिशोबाने उरलेला खर्च निघायला वर्षाला सुमारे ३५ हजार नग लागतात, हेही सांगा. मग कुणी "२२ हजारांऐवजी २५ झाले तर?" असं विचारलं की उत्तर फळ्यावरच असेल. व्याज यात धरलेलं नाही. धरलं तर चित्र आणखी वाईट होतं, म्हणून इथे ते सोडलं तरी चालतं.

एक काळजी घ्या. हे आकडे तोंडी, बंद खोलीत, फळ्यावर. मेलमध्ये नाही. ग्राहकाची मागणी आणि तुमचा नगामागचा नफा या दोन्ही गोष्टी बाहेर जायच्या नसतात, आणि ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल तर त्याचं नाव आणि आकडा सांगण्याआधी विक्री प्रमुखांची परवानगी लागते. फळ्यावरच्या आकड्यांना संचालकांची संमती घ्या. संपूर्ण गणिताला ते तयार झाले नाहीत, तर निदान "वर्षाला ३५ हजारांच्या खाली ही लाइन उरलेला खर्च काढत नाही, आणि मागणी त्याच्या बरीच खाली आली आहे" एवढं वाक्य तरी मागून घ्या. लेखी मजकुरात "ग्राहकाने मागणी निम्म्याहून कमी केली" इतकंच पुरे.

मेल जपून लिहायचं दुसरं कारण फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. ग्राहकाने नॉमिनेशन लेटर किंवा टूलिंगची पीओ दिली असेल, तर झालेल्या खर्चाची भरपाई मागायचा मार्ग बहुधा उघडा असतो. विक्री विभाग पुढच्या काही आठवड्यांत ती मागणी करेल. अशा वेळी तुमच्या मेलमध्ये "तसंही आपलं दुसरं फिक्स्चर सहा आठवडे उशिरा होतं" असं प्रामाणिकपणे लिहिलेलं वाक्य समोरच्याच्या हातात गेलं, तर तेच तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल. काय चुकलं याची नोंद जरूर करा, पण बंद करण्याच्या बैठकीच्या टिपणात. घोषणेत नको.

आता गुरुवार कसा घालवायचा ते. सतरा जणांना एकदम सांगायचं खरं, पण काही जणांना त्याआधी एकेकटं सांगावं लागतं. सकाळी दहाला तुमच्या हाताखालचे दोन प्रमुख इंजिनिअर, कारण दुपारनंतर लोक तुमच्याइतकेच त्यांच्याकडे जातील. त्यानंतर ज्यांची पुढची जागा अजून ठरलेली नाही ती माणसं. प्रत्येकाला पंधरा मिनिटं, दार लावून. गर्दीत उभं असताना आपलं नाव यादीत नाही हे कुणाला कळता कामा नये. त्यांना सरळ सांगा, "तुझी जागा अजून ठरलेली नाही, पुढच्या बुधवारी चारला मी सांगेन," आणि तो बुधवार पाळा. सकाळी ज्यांना सांगितलं त्यांनी दुपारपर्यंत गप्प राहावं अशी विनंती करा, पण त्यावर विसंबून राहू नका. म्हणून हे सगळं जेवणाच्या सुट्टीआधी एका दमात उरकायचं आणि दुपारी लगेच सगळ्यांना.

टूलरूम दोन पाळ्यांत चालत असेल तर पाळी बदलायच्या वेळेवर बैठक धरा. पहिली पाळी तीनला सुटत असेल तर अडीचला. दुसऱ्या पाळीची माणसं अर्धा तास आधी बोलावायची आणि तो अर्धा तास हजेरीत धरायचा. असं केलं नाही तर एका पाळीला तुम्ही सांगता आणि दुसऱ्या पाळीला पार्किंगमध्ये कळतं. रजेवर असलेल्याला बैठकीच्या अर्धा तास आधी फोन करायचा, मेसेज नाही.

बैठकीला संचालक किंवा कारखाना प्रमुख हवेतच. निर्णय ज्यांनी घेतला त्यांनी पहिली दोन मिनिटं बोलावं: "हा निर्णय मी घेतला, अमुक तारखेला, या कारणाने." पुढचं तुम्ही. संचालक आले नाहीत तर तुम्हाला "व्यवस्थापनाने ठरवलंय" असं म्हणावं लागेल, आणि ते ऐकणाऱ्याच्या कानाला अंग काढून घेतल्यासारखं लागतं. तुमचं स्वतःचं मत वेगळं होतं का, असं कुणी विचारलं तर एवढंच सांगा: "माझं म्हणणं मी मांडलं, आकडे मी पाहिले, आणि प्रकल्प नीट बंद करायची जबाबदारी माझी आहे." टीमपुढे व्यवस्थापनावर चिडून दाखवलं की त्या दिवशी जवळीक वाटते, पण दुसऱ्या दिवसापासून बंद करण्याच्या कामाला कुणी हात लावत नाही.

पहिल्याच वाक्यात बातमी. आभारांनी सुरुवात केली की दोन मिनिटांत सगळ्यांच्या लक्षात येतं की काहीतरी वाईट आहे, आणि पुढचं कौतुक कुणी ऐकत नाही. दिवाळीत केलेल्या कामाचा उल्लेख जरूर करा, पण कारण सांगून झाल्यावर, आणि नेमका. "तुम्ही सगळ्यांनी खूप मेहनत घेतली" असं मोघम नको. "दिवाळीच्या चार दिवसांत पहिल्या फिक्स्चरवर बोअरची जागा ०.०५ मिमीच्या आत आणली, ती पद्धत आपल्या दुसऱ्या लाइनला वापरणार आहोत" असं काहीतरी, जे खरं असेल ते. बैठक संपायच्या आत मेल निघाला पाहिजे. आधी तयार करून ठेवा आणि माणसं खोलीत असतानाच पाठवा. मेल इंग्रजीत जात असेल तर जाऊ द्या, पण टूलरूमच्या फळ्यावर मराठीत लावा. मजकूर साधारण असा:

> ब्रॅकेट मशीनिंग लाइन प्रकल्प बंद करण्याबाबत
>
> ब्रॅकेट मशीनिंग लाइनचा प्रकल्प आजपासून बंद करत आहोत. हा निर्णय संचालकांनी सोमवारी घेतला.
>
> कारण: ग्राहकाने वार्षिक मागणी निम्म्याहून कमी केली आहे. या मागणीवर लाइन पूर्ण करण्याचा उरलेला खर्च मॉडेलच्या आयुष्यात भरून निघत नाही. टीमच्या कामात किंवा दर्जात काही कमी होती म्हणून हा निर्णय झालेला नाही. मागणी वाढली तर नवा प्रस्ताव नव्याने मांडला जाईल. हा प्रकल्प होल्डवर नाही.
>
> आजपासून: नवी खरेदी, नवं ड्रॉइंग आणि नवं टूलरूमचं काम थांबवायचं. दुसरं फिक्स्चर पूर्ण करायचं. बाकी काय पूर्ण करायचं आणि काय आहे तसं ठेवायचं, याची यादी उद्या दुपारी १२ पर्यंत फळ्यावर लागेल. यादी लागेपर्यंत कुठलाही भाग, मटेरियल किंवा गेज भंगारात किंवा दुसऱ्या कामाला द्यायचं नाही.
>
> माणसांबद्दल: १२ जणांची पुढची जागा ठरली आहे आणि त्यांना ती आज सांगितली आहे. उरलेल्यांना पुढच्या बुधवारी दुपारी ४ पर्यंत प्रत्यक्ष भेटून सांगू. सगळ्यांची हजेरी आणि पगार तोवर आहे तसा चालू राहील.
>
> व्हेंडर आणि ग्राहक यांच्याशी फक्त खरेदी प्रमुख आणि विक्री प्रमुख बोलतील. त्यांचा फोन आला तर नंबर घेऊन तो पुढे द्या.
>
> प्रश्नांसाठी मी उद्या दिवसभर शॉपवर आहे. सोमवारी सकाळी १० वाजता पुन्हा सगळे भेटू.

"टीमच्या कामात कमी नव्हती" हे वाक्य खरं असेल तरच लिहा. खरोखर कमी असेल तर ते वाक्य गाळा, खोटं लिहू नका, कारण ते तुमच्या माणसांना तुमच्याआधी कळतं.

माणसांच्या परिच्छेदात सगळ्यात मोठी चूक होते ती वचनांची. "कुणाची नोकरी जाणार नाही" असं बोलायचा मोह होईल, विशेषतः टूलरूमचा एखादा जुना फिटर समोर उभा राहून "साहेब, मग माझं काय?" असं विचारेल तेव्हा. एचआरने लेखी दिलं नसेल तर हे बोलू नका. कायम कामगारांना टूलरूमच्याच दुसऱ्या कामावर घेणं सोपं असतं. पण त्यासाठी पाळ्या किंवा कामाचे तास बदलायचे असतील तर बऱ्याचदा २१ दिवसांची नोटीस लागते, म्हणून "सोमवारपासून तिसरी पाळी" असं बैठकीत परस्पर जाहीर करू नका, आधी एचआरशी बोला. कुणाला कमी करायचंच असेल, तर त्याची कायदेशीर प्रक्रिया वेगळी आहे आणि ती या घोषणेत मिसळायची नाही.

कंत्राटी तिघांना वगळू नका. त्यांचा मालक कंत्राटदार आहे, त्यामुळे पुढची जागा तुम्ही त्यांना परस्पर देऊ शकत नाही. पण बैठकीत त्यांनी बाकीच्यांसोबत उभं राहावं, आणि त्यांच्या सुपरवायझरला बैठक संपताच बोलावून शेवटची तारीख आणि राहिलेल्या ओव्हरटाइमचा हिशोब ठरवून घ्यावा. दोन अप्रेंटिसची गोष्ट निराळी आहे. त्यांचा करार कारखान्याशी आहे, या प्रकल्पाशी नाही, म्हणून त्यांचं प्रशिक्षण चालूच राहतं. त्यांना कुठल्या लाइनवर आणि कुणाच्या हाताखाली पाठवणार, हे बैठकीतच सांगून टाका. ती पोरं सगळ्यात जास्त घाबरलेली असतात आणि प्रश्न विचारत नाहीत.

शुक्रवारी दुपारी लागणारी यादी म्हणजे तीन ढीग आहेत: आज थांबवायचं, पूर्ण करून थांबवायचं, जपून ठेवायचं. समजा तुमच्याकडे चार फिक्स्चर आहेत. पहिलं तयार आणि ट्रायल झालेलं, दुसरं आणि तिसरं टूलरूममध्ये अर्धवट, चौथं फक्त ड्रॉइंगवर. चौथं आज थांबतं. तिसरं ज्या अवस्थेत आहे तिथेच थांबवा. पण दुसऱ्याचं बेस प्लेट आणि क्लॅम्प दुसऱ्या लाइनला बसणारे असतील, तर आठवडाभराचं काम पूर्ण करून ते वापरात घेणं स्वस्त पडतं. असं पूर्ण करायचं काम एकदोनच असावं, नाहीतर बंद प्रकल्प सहा महिने चालू राहतो. पहिलं फिक्स्चर जपायचं. गंजरोधक तेल लावून, मोकळ्या बोअर झाकून, टॅगवर ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, तारीख आणि कुणाच्या ताब्यात आहे ते लिहून एका ठरलेल्या रॅकवर. नाशिकचा पावसाळा मशीन केलेल्या पृष्ठभागाला सोडत नाही. तेल न लावता ठेवलेली लोकेटिंग पिन गंजली की पुढच्या वर्षी ते फिक्स्चर भंगारच समजा.

भंगारात काढायची घाई मात्र कुणालाच करू देऊ नका. ग्राहकाकडे भरपाई मागितली तर त्यांचा माणूस येऊन माल मोजून जातो, आणि जो माल दिसत नाही त्याचे पैसे मिळत नाहीत. गुरुवारच्या तारखेला साठा मोजून फोटो काढून ठेवा. पुस्तकात राइट-ऑफ केलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं, म्हणून भंगाराचं चलन अकाउंट्सच्या सहीशिवाय निघू नये.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, पण नेमकं तेच लोक दुसरीकडे गेल्यावर जमत नाही. ड्रॉइंगची शेवटची रिव्हिजन सर्व्हरवर, सीएनसी प्रोग्राम मशीनच्या मेमरीतून आणि पेन ड्राइव्हवरून काढून सर्व्हरवर, ट्रायलचे रिपोर्ट आहेत तसे. नापास झालेल्या ट्रायलचे रिपोर्ट खास ठेवा. "क्लॅम्प उलट बाजूने दाबला की भाग उचलला जातो आणि बोअर सरकते" ही एक ओळ पुढच्या प्रकल्पाचे तीन आठवडे वाचवते. हे सगळं एका माणसाच्या नावावर लावा आणि त्याला नव्या जागेवर दोन आठवडे अर्ध्या वेळेचाच भार द्या.

व्हेंडरना त्याच दुपारी खरेदी प्रमुखांनी फोन करायचा, बैठक संपल्यावर तासाभरात. सातपूर-अंबडमधला छोटा वर्कशॉपवाला तुमच्या टूलरूमच्या कुणाचा तरी मित्र असतोच. त्याला दुसरीकडून कळलं तर तो त्याच संध्याकाळी गेटवर येतो. फोन करायच्या आधी खरेदीच्या माणसाकडून दोन याद्या घ्या. पहिली सरळ आहे: उघड्या पीओ, दिलेला ॲडव्हान्स, पीओमध्ये रद्द करण्याचं कलम काय म्हणतं, आणि व्हेंडरकडे परत येणाऱ्या चलनावर पाठवलेले फिक्स्चर आणि गेज कोणते. दुसरी यादी इंजिनिअरकडून काढावी लागते, ती म्हणजे तोंडी करून घेतलेलं काम. "दादा, हे प्लेट करून टाक, पीओ मागून येईल" असं म्हणून करून घेतलेलं काम प्रत्येक प्रकल्पात असतं आणि सिस्टिममध्ये कुठेच नसतं. बंद झाल्यावर त्याला पीओ निघत नाही, बिल अडकतं आणि मार बसतो तो त्या छोट्या माणसाला. गुरुवारीच इंजिनिअरना सांगा, सोमवारपर्यंत तोंडी दिलेलं प्रत्येक काम लिहून द्या, कुणाला बोलणी बसणार नाहीत. त्यांनी लिहून द्यावं असं वाटत असेल तर खरंच बोलणी बसू देऊ नका. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघुउद्योगाने केलेल्या कामाचे पैसे २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, प्रकल्प बंद झाला म्हणून ती मुदत वाढत नाही. हे अकाउंट्सला तुम्हीच आठवण करून द्या.

सोमवारच्या बैठकीत नवं काही सांगायचं नसलं तरी बैठक घ्या. शुक्रवारी आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं वाचून दाखवा, आणि ज्याचं उत्तर नाही त्यापुढे तारीख लिहा. त्यानंतर एक काम राहतं, आणि ते तुमच्याशिवाय कुणी करणार नाही. या सतरापैकी जे कायम आहेत त्यांचे वर्षाचे केआरए याच प्रकल्पावर लिहिलेले असणार. मार्चमध्ये त्यांचा नवा साहेब अप्रेझलला बसेल तेव्हा "लाइन सुरू केली" या ओळीपुढे शून्य दिसेल. म्हणून माणसं हलायच्या आधी प्रत्येकाच्या नावाने अर्धं पान लिहा: त्याच्याकडे काय होतं, आठ महिन्यांत त्याने काय पूर्ण केलं, मोजमापात कुठवर आणलं, आणि कुठलं काम प्रकल्प बंद झाला म्हणून राहिलं. एचआरकडे एक प्रत, त्याच्या नव्या साहेबांकडे एक, आणि एक त्याच्या हातात. शक्य असेल तर त्याच बुधवारी, जेव्हा तुम्ही त्याला पुढची जागा सांगाल.